बातमी एक, मजकूर तीन

व्हॉट्सॲपचं स्टेटस उघडावं आणि खाली वाचायला मिळावं, ‘ऑर्डरसाठी बायोमधली लिंक पाहा’. तिथे कसली बायो आणि कुठली लिंक? मजकूर इन्स्टाग्रामसाठी लिहिलेला असतो आणि घाईघाईत जसाच्या तसा इकडे चिकटवलेला असतो. तोच मजकूर आपल्या हॅशटॅगांसकट लिंक्डइनवर जातो. तिथे जुने सहकारी ‘अभिनंदन’ लिहितात आणि पुढे जातात. नवीन उत्पादनाची बातमी तिन्ही ठिकाणी पोचलेली असते, पण मागणी कुठूनच आलेली नसते.

छोट्या उद्योगांत हे फार दिसतं. जाहिरातीसाठी वेगळा माणूस नसतो. माल करणारी, पॅक करणारी आणि पोस्ट टाकणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते. एका बातमीसाठी तीन मजकूर लिहायला वेळ कुणाकडे आहे, असा प्रश्न पडणं साहजिकच आहे. खरं तर मूळ कागद नीट तयार असेल तर तासाभरात तिन्ही होतात. कसे ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण आपल्या ओळखीतलंच वाटेल.

सांगलीत सहा जणींचा एक घरगुती उद्योग आहे असं धरू. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या ही त्यांची नेहमीची कामं. आता त्या उपवासाची भाजणी आणणार आहेत. २०२६ ची आषाढी एकादशी २५ जुलैला, शनिवारी आहे. त्याआधी पाकिटं ग्राहकांच्या हातात पोचायला हवीत.

आधी एक कागद

तिन्ही मजकूर लिहिण्याआधी एका कागदावर फक्त माहिती उतरवायची. त्यात विशेषणं नकोत आणि उद्गारचिन्हंही नकोत. आपल्या उदाहरणातला कागद असा होईल:

उत्पादन: उपवासाची थालीपीठ भाजणी.
घटक: राजगिरा, वरई, साबुदाणा, जिरं. धणे नाहीत.
दळण: वेगळ्या चक्कीवर. तिथे गहू, ज्वारी, डाळी दळत नाहीत. शेंगदाण्याचं कूट मात्र त्याच खोलीत होतं.
वजन आणि किंमत: ५०० ग्रॅम, १९० रुपये, सर्व करांसह.
टिकवण: पॅकिंगच्या तारखेपासून ३ महिने.
पहिली खेप: ४०० पाकिटं. पुढे महिन्याला १,००० पर्यंत.
मागणीची मुदत: बाहेरगावसाठी सोमवार, २० जुलै. सांगली-मिरजेसाठी गुरुवार, २३ जुलै.
पोच: सांगली-मिरजेत घरपोच मोफत, बाहेरगावी कुरिअरचा खर्च वेगळा.

यातल्या दोन नोंदी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. ‘धणे नाहीत’ हे लिहायचं कारण असं, की उपवासाला काय चालतं हे घरोघरी वेगळं असतं. काहींना धणे चालतात, काहींना नाही. हा प्रश्न हमखास येणार, म्हणून त्याचं उत्तर कागदावर आधीच हवं. दुसरी नोंद शेंगदाण्याची. घटकांच्या यादीत शेंगदाणे नाहीत म्हणून कुणी उत्साहाने ‘शेंगदाणाविरहित’ असं लिहून टाकेल. पण कूट त्याच खोलीत होत असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तो शब्द धोक्याचा आहे. कागदावर खरी परिस्थिती लिहिलेली असली की असले शब्द मजकुरात शिरत नाहीत.

किंमत, वजन, घटक आणि तारखा तिन्ही ठिकाणी या कागदावरूनच घ्यायच्या आणि त्यांत काडीचाही फरक करायचा नाही. बाकी सगळं बदलायचं, म्हणजे सुरुवात, लांबी, बोलण्याची पद्धत आणि शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते. लग्नाचं आमंत्रण आपण मामाला फोनवर देतो आणि ऑफिसात पत्रिका ठेवतो, पण मुहूर्त दोघांना एकच सांगतो. इथेही तसंच आहे.

बदल कशावरून ठरवायचा? प्रत्येक जागेसाठी दोन प्रश्न विचारावेत. वाचणारा आपल्याला किती ओळखतो? आणि वाचून झाल्यावर तिथल्या तिथे तो काय करू शकतो? पुढचे तिन्ही मजकूर या दोन प्रश्नांच्या उत्तरांतूनच तयार होतात.

लिंक्डइन: सगळ्यात आधी आणि दुकानदारासाठी

साधारणपणे इन्स्टाग्राम आधी आणि लिंक्डइन जमलं तर, असा क्रम असतो. या उदाहरणात तो उलटा करावा लागेल. लिंक्डइनवर एका पाकिटाचा ग्राहक क्वचितच भेटतो. तिथे किराणा साखळ्यांसाठी माल निवडणारे, उपाहारगृहं आणि ऑफिसांची कँटीन चालवणारे, वितरक आणि निर्यातदार असतात. ते आज वाचून उद्या माल घेत नाहीत. नमुना मागवतात, दर विचारतात, मग ठरवतात. त्यात काही आठवडे जातात. म्हणून ही पोस्ट आषाढीच्या महिनाभर आधी, २३ जूनच्या आसपास जायला हवी. तिचा रोखही आषाढीपेक्षा पुढच्या हंगामावर हवा. त्या वर्षी आपल्याकडे श्रावण १३ ऑगस्टला लागतो आणि ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे. दुकानदाराला रस आहे तो या दोन-तीन महिन्यांत.

लिंक्डइनच्या पोस्टमध्ये ३,००० अक्षरचिन्हं मावतात. त्यामुळे जागेची अडचण नाही. अडचण सुरुवातीची आहे. मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात आणि बाकीचा मजकूर ‘आणखी पाहा’च्या मागे जातो. त्या ओळींत ‘कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आम्ही एक नवीन उत्पादन घेऊन येत आहोत’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. उत्पादन कोणतं, त्यात वेगळं काय, हे सगळं पडद्याआड राहतं. त्यापेक्षा कागदावरची सगळ्यात वजनदार नोंद वर आणावी. इथे ती चक्कीची आहे.

‘उपवासाच्या पिठासाठी आम्ही वेगळी चक्की घेतली आणि मगच भाजणी बाजारात आणली.

आमच्या थालीपीठ भाजणीचे ग्राहक बरेच दिवस विचारत होते, उपवासाची मिळेल का? राजगिरा, वरई, साबुदाणा भाजून दळणं अवघड नव्हतं. पण ज्या चक्कीवर गहू आणि डाळी दळल्या जातात, त्या चक्कीवरचं पीठ उपवासाला चालत नाही, असं मानणारा मोठा ग्राहक आहे. तो लेबल वाचतो आणि प्रश्न विचारतो. म्हणून दळणाची सोय वेगळी केली.

५०० ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत १९० रुपये. पॅकिंगपासून ३ महिने टिकतं. महिन्याला १,००० पाकिटांपर्यंत देऊ शकतो. अन्न सुरक्षा नोंदणी क्रमांक पाकिटावर आहे.

श्रावण ते नवरात्र या काळासाठी पुणे आणि मुंबईतल्या किराणा दुकानांशी आणि वितरकांशी बोलायचं आहे. नमुना पाकीट आणि घाऊक दरपत्रक हवं असेल तर इथेच मेसेज करा.’

यात थालीपीठ कसं थापायचं ते नाही, कारण दुकानदाराला त्याची गरज नाही. त्याला हवंय ते टिकवण, महिन्याचा पुरवठा, छापील किंमत आणि नोंदणी. माल आपटला तर तीन महिन्यांत संपेल का, आणि खपला तर पुन्हा मिळेल का, हे दोन प्रश्न त्याच्या डोक्यात असतात. मजकूर दोन्हींची उत्तरं देतो. घाऊक दर मात्र उघड लिहिलेला नाही. तो किरकोळ ग्राहकानेही वाचला तर घोळ होईल, म्हणून तो दरपत्रकात ठेवला आहे. शेवटच्या परिच्छेदात कोण हवं, कुठलं हवं आणि त्याने काय करायचं हे स्पष्ट आहे. तो परिच्छेद काढून पाहा. मग उरते एक छान गोष्ट, आणि तिच्याखाली फक्त अभिनंदनं येतील.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. राज्याबाहेरचे खरेदीदार हवे असतील तर मराठी मजकुराखाली तीन-चार ओळींत इंग्रजी सारांश द्यावा. फक्त पुणे-मुंबईच्या दुकानदारांशीच बोलायचं असेल तर मराठी पुरेशी आहे. पण एक पथ्य पाळावं. सारांशातले आकडे पुन्हा त्याच कागदावरून घ्यावेत. मराठीत ५०० ग्रॅम आणि इंग्रजीत ‘अर्धा किलोच्या आसपास’ असं होऊ देऊ नये.

इन्स्टाग्राम: अनोळखी माणसासाठी

इन्स्टाग्रामवर पोस्ट पाहणाऱ्यांत आपल्याला न ओळखणारे बरेच असतात. कुणी हॅशटॅगवरून आलेलं असतं, कुणाला मैत्रिणीने पाठवलेलं असतं, कुणाला ॲपनेच दाखवलेलं असतं. त्यांना सांगली माहीत नसते, आपली जुनी भाजणी माहीत नसते. त्यांचा अंगठा फोटोवर क्षणभर थांबतो. थांबला तर नजर खाली मजकुरावर येते आणि तिथेही सव्वाशे अक्षरचिन्हांच्या आसपास गेलं की ‘अधिक’ हा शब्द येतो. मजकुराची मर्यादा २,२०० चिन्हांची असली तरी खरी लढाई पहिल्या दोन ओळींतच असते.

इथली दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. पत्ता टाकला तर तो नुसता छापल्यासारखा दिसतो. दाबता येणारी लिंक प्रोफाइलवर असते. म्हणून ‘बायोमधली लिंक’ हे वाक्य इथे बरोबर आहे आणि बाकी दोन्ही ठिकाणी चूक आहे, कारण लिंक्डइनवर आणि व्हॉट्सॲपवर लिंक सरळ दाबता येते.

८ जुलैला टाकायचा मजकूर असा होईल:

‘आषाढीला यंदा खिचडीच्या जोडीला खरपूस थालीपीठ.
उपवासाची भाजणी, ५०० ग्रॅम, १९० रुपये.

राजगिरा, वरई, साबुदाणा आणि जिरं वेगवेगळं भाजून दळलं आहे. धणे नाहीत. चक्की वेगळी आहे, तिथे गहू-डाळी येत नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी विचारा, कारण कूट त्याच खोलीत होतं.

एक वाटी भाजणी, एक उकडलेला बटाटा, मीठ, वाटलेली मिरची आणि लागेल तसं पाणी. गोळा सैलसर मळा, प्लास्टिकवर थापा, मधे भोकं पाडून तूप सोडा, झाकण ठेवून खरपूस होऊ द्या. पोस्ट सेव्ह करून ठेवा, २५ तारखेला लागेल.

बाहेरगावच्या मागण्या सोमवार, २० जुलै २०२६ पर्यंत. सांगली-मिरज गुरुवार, २३ जुलैपर्यंत. कुरिअर खर्च वेगळा.
मागणीसाठी प्रोफाइलमधली लिंक दाबा.

#उपवास #थालीपीठ #आषाढीएकादशी #upvasbhajani’

किंमत दुसऱ्याच ओळीत आहे. ‘किमतीसाठी मेसेज करा’ या पद्धतीने चौकशा वाढतात हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच चौकशा किंमत ऐकून गप्प होतात आणि उत्तरं देण्यात आपली संध्याकाळ जाते. शिवाय किंमत लपवणाऱ्या दुकानाबद्दल अनोळखी माणसाला शंका येते. किंमत फोटोवर छापायचा मोह मात्र आवरावा. मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, टाकलेला फोटो बदलता येत नाही. दिवाळीत किंमत वाढली तर पोस्टच काढून टाकावी लागेल आणि तिच्याबरोबर तिच्याखालच्या प्रतिक्रियाही जातील.

कृती घालण्यामागे हिशेब आहे. इन्स्टाग्रामवर लोक उपयोगाची पोस्ट सेव्ह करतात आणि ओळखीच्यांना पाठवतात. नुसती जाहिरात सहसा कुणी पाठवत नाही. ‘हे बघ, बटाटा घालून कसं करायचं’ म्हणून मात्र जाऊबाईंना पाठवली जाते आणि त्यांच्यापर्यंत आपलं नाव, किंमत आणि मुदतही पोचते.

हॅशटॅग तीन-चार पुरे. त्यांत एक तांत्रिक बारकावा आहे. ‘#आषाढी एकादशी’ असं मधे जागा सोडून लिहिलं तर टॅग फक्त ‘आषाढी’चा होतो आणि ‘एकादशी’ बाहेर राहते. शब्द जोडूनच लिहावे लागतात. रोमन अक्षरांतला एक टॅग ठेवला आहे, कारण मराठी माणूस मराठीत बोलतो, पण शोधताना कीबोर्डवर रोमन अक्षरंच टाइप करतो, असं पुष्कळदा होतं. तेच लक्षात घेऊन पदार्थाचं नाव मजकुरातही पूर्ण लिहावं. ‘आमचं नवीन बाळ आलंय’ असं गमतीने लिहिलं तर उपवासाची भाजणी शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

व्हॉट्सॲप स्टेटस: ओळखीच्या ग्राहकासाठी

स्टेटस कुणाला दिसतं याबद्दल मोठा गैरसमज आहे. आपला नंबर ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना दिसतं असं नाही. त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असावा लागतो आणि आपल्या फोनमध्ये त्यांचाही. प्रदर्शनात ज्या बाईंनी आपलं कार्ड घेऊन नंबर सेव्ह केला, पण आपण त्यांचा केला नाही, त्यांना आपलं स्टेटस दिसणार नाही. म्हणून स्टेटसची तयारी मजकुरापासून नाही, नंबरांपासून सुरू होते. प्रत्येक पाकिटाबरोबर ‘आमचा नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी द्यावी आणि मागणी आली की ग्राहकाचा नंबर त्याच दिवशी आपल्याकडे सेव्ह करावा.

दोन्हीकडे नंबर सेव्ह आहे म्हणजे ओळख आहे. त्यामुळे इथे स्वतःची ओळख करून देण्याची गरज नाही, गोष्ट सांगण्याचीही नाही. वाचणाऱ्याकडे वेळ मात्र काही सेकंदांचाच असतो. फोटो आपोआप पुढे सरकतो, लांब मजकूर आखडून दाखवला जातो. म्हणून एका स्टेटसमध्ये सगळं कोंबण्यापेक्षा तीन छोटी स्टेटसं लागोपाठ लावावीत.

पहिलं, पाकिटाच्या फोटोखाली: ‘उपवासाची भाजणी तयार आहे. चक्की वेगळी, निर्धास्त घ्या. अर्धा किलो १९० रुपये.’

दुसरं, भाजलेल्या धान्याच्या फोटोखाली: ‘राजगिरा, वरई, साबुदाणा, जिरं. धणे नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी विचारा.’

तिसरं, साध्या रंगावर फक्त अक्षरं: ‘सांगली-मिरजेत गुरुवार, २३ जुलैपर्यंत सांगा. बाहेरगावी पाठवायची तर सोमवार, २० जुलैपर्यंत. इथेच “भाजणी २” असं लिहून पाठवा, दोन पाकिटं बाजूला काढून ठेवते.’

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. स्टेटसला दिलेलं उत्तर थेट आपल्या चॅटमध्ये येतं आणि त्यावर कोणत्या स्टेटसला उत्तर आलंय तेही दिसतं. मग लिंक कशाला, फॉर्म कशाला? ग्राहकाने एक शब्द आणि एक आकडा लिहिला की मागणी झाली. ‘काढून ठेवते’ हे क्रियापदही जाणून वापरलं आहे. लिंक्डइनवर ‘देऊ शकतो’ आणि इथे ‘ठेवते’. बोलणारी तीच, पण इथे ती ओळखीच्या माणसाशी बोलते आहे.

स्टेटस २४ तासांत जातं. शनिवारी, १८ जुलैला रात्री ९ वाजता लावलेलं रविवारी रात्री ९ ला नाहीसं होतं. याचा एक परिणाम मजकुरावर होतो. ‘आज शेवटचा दिवस’ असं रात्री लिहिलं आणि कुणी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं तर त्याच्या दृष्टीने ‘आज’ वेगळा असतो. ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द स्टेटसमध्ये टाळावेत आणि वार-तारीख लिहावी. इन्स्टाग्रामवर पोस्ट वर्षानुवर्षं राहते, म्हणून तिथे तारखेबरोबर सालही लिहिलं आहे. नाहीतर पुढच्या आषाढीला कुणी जुनी पोस्ट पाहून पैसे पाठवेल.

२४ तासांत ज्यांनी फोन उघडला नाही त्यांच्यासाठी बुधवारी, २२ जुलैला पुन्हा लावावं. तेव्हा बाहेरगावची मुदत गेलेली असेल, म्हणून तिसऱ्या स्टेटसमधली ती ओळ काढून टाकायला विसरू नये. स्टेटसमध्ये दुरुस्ती करता येत नाही. चूक दिसली तर काढून नव्याने लावायचं, एवढाच उपाय आहे. इन्स्टाग्रामवर फोटोवर किंमत नको म्हटलं, पण इथे ती फोटोवर छापली तरी चालते. दिवसभरात ते जाणारच आहे. शिवाय कुणी स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर किंमत बरोबर जाते. ग्राहकांच्या कौतुकाच्या चॅटचे स्क्रीनशॉट मात्र त्यांचं नाव आणि नंबर झाकल्याशिवाय आणि त्यांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

मोह कुठे होतो

तीन वेळा लिहिताना प्रत्येक वेळी थोडा रंग जास्त भरावासा वाटतो. इन्स्टाग्रामवर ‘पौष्टिक’चं ‘भरपूर फायबर’ होतं आणि व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांशी बोलताना ‘शुगरवाल्यांनी बिनधास्त खा’ होतं. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८ चे नियम आहेत आणि समाजमाध्यमावरचा मजकूरही जाहिरातच असतो. त्या नियमांप्रमाणे ‘भरपूर फायबर’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये निदान ६ ग्रॅम फायबर हवं. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल हातात हवा. रोग बरा होतो किंवा आटोक्यात राहतो असं तर कोणत्याच अन्नपदार्थाबद्दल लिहू नये. मधुमेह असलेल्या माणसाला भाजणीतला साबुदाणा आणि बटाटा किती चालेल हे त्याचा डॉक्टर सांगेल, आपण नाही. ओपन कसोटी साधी आहे. जो शब्द मूळ कागदावर नाही, तो तिन्हींपैकी कोणत्याही मजकुरात नसावा.

कुठून काय आलं ते कसं कळेल

तिन्ही ठिकाणी टाकून झाल्यावर ‘रिस्पॉन्स चांगला होता’ एवढ्यावर थांबू नये. मागणी कुठून आली हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. व्हॉट्सॲपची लिंक अशी बनवता येते, की दाबल्यावर आपल्या नंबरवरचं चॅट उघडतं आणि त्यात एक शब्द आधीच लिहिलेला असतो. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर एक लिंक आणि लिंक्डइनवर दुसरी ठेवायची:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=INSTA
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=LINKEDIN
```

फुल्यांच्या जागी आपला दहा अंकी नंबर. त्याच्या आधी ९१ आणि मधे कुठेही अधिकचं चिन्ह, शून्य, जागा किंवा रेघ नको. शब्द रोमन अक्षरांत ठेवलेला बरा, कारण देवनागरी अक्षरांची लिंक टक्क्यांच्या चिन्हांनी भरून लांबलचक होते. ग्राहकाने तो शब्द न खोडता पाठवला की तो कुठून आला ते कळतं. स्टेटससाठी अशी लिंक लागतच नाही.

मग आठवड्याने लक्षणं पाहावीत. इन्स्टाग्रामवर सगळे ‘किंमत?’ असंच विचारत असतील तर किंमत ‘अधिक’च्या मागे गेली आहे, ती वर आणा. पोस्ट पुष्कळांनी सेव्ह केली पण लिंकवरून कुणी आलं नाही, तर कृती आवडली आणि मागणी कशी करायची ते शोधावं लागतंय. लिंक्डइनवर नुसती अभिनंदनं आली तर शेवटची विनंती धूसर आहे. कोण हवं ते नावानिशी लिहा, म्हणजे ‘किराणा दुकानदार’, ‘कँटीन चालक’ असं. स्टेटस पाहणाऱ्यांचा आकडा ग्राहकांच्या यादीपेक्षा फारच कमी असेल तर दोष मजकुरात नाही, नंबर दोन्हीकडे सेव्ह नाहीत. अर्थात ज्यांनी वाचल्याच्या खुणा बंद ठेवल्या आहेत ते त्या आकड्यात दिसत नाहीत, हेही धरावं. आणि बघणारे भरपूर, पण उत्तरं नाहीत, तर ‘काय लिहून पाठवायचं’ ही ओळ राहून गेली आहे.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. ४०० पाकिटं संपली की स्टेटस काढून टाकायचं. इन्स्टाग्रामच्या मजकुराची पहिली ओळ बदलून ‘पहिली खेप संपली, पुढची श्रावणाआधी’ असं लिहायचं. लिंक्डइनवर खाली प्रतिक्रियेत तेवढंच कळवायचं, कारण तिथली पोस्ट दोन-तीन आठवड्यांनीही कुणाच्या तरी समोर येते, आणि दुकानदाराला पहिली खेप संपली ही बातमी उलट आवडते.

पुढच्या वेळी नवीन काही बाजारात आणाल तेव्हा ॲप उघडण्याआधी तो एक कागद लिहा आणि भाजणी दळणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या. शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असू देत. पण किंमत, घटक आणि तारीख यांची दुसरी आवृत्ती निघता कामा नये.